चार नंबरची चिठ्ठी

डिसेंबरचा पहिला मंगळवार, सकाळचे साडेअकरा. ठरलेली रक्कम : मराठी शब्दाला तीन रुपये, जास्तीत जास्त पंधराशे. हजर : कारखान्याचे मालक, केशोरीहून स्कूटरने आलेले निवृत्त इंग्रजीचे सर, आणि मी. काम : इटलीहून येणाऱ्या तीन पाहुण्यांसाठी स्वागताचं भाषण मराठीत लिहायचं आणि त्याचं इंग्रजी करायचं.

आमचा कारखाना लाखेचा. सडक अर्जुनीच्या अलीकडे, हायवेपासून आत दीड किलोमीटरवर. जंगलातल्या गावांतून पळसाच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवरून खरवडलेली कच्ची लाख आमच्याकडे येते. ती फोडायची, चाळायची, धुवायची, फरशीवर वाळवायची. मग बावीस बायका सूप घेऊन बसतात आणि पाखडून, हाताने काड्या वेचून दाणा साफ करतात. तोच दाणा पोत्यांत भरून बाहेर जातो, इटलीलाही. पुढे त्याचं पॉलिश होतं, गोळ्या-चॉकलेटवरची चकाकी होते. मी तिथे एकोणीस वर्षं हिशेब लिहितो. सगळे मला मुनीमजी म्हणतात, घरी मात्र कोणी म्हणत नाही.

भाषण मराठीत का, याचं कारण पाहुण्यांचं पत्र. त्यांनी लिहिलं होतं की कार्यक्रमाला कामगार बसावेत आणि जे बोलाल ते आधी त्यांच्या भाषेत बोला. मालकांचं घर गोंदियाचं, बोलणं हिंदी. त्यांचं मराठी पहिल्या दोन वाक्यांपर्यंत ठीक चालतं. म्हणून लिहिणं आणि वाचणं दोन्ही माझ्याकडे आलं, आणि इंग्रजी वाचणं सरांकडे.

सरांनी पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. हातात पहिला हप्ता नको म्हणाले, काम झाल्यावर द्या. निघताना स्कूटरजवळ थांबून त्यांनी मला हळूच विचारलं, "हे लोक आपल्यासमोर बसूनच ऐकणार ना?" मी म्हटलं, हो, तीन खुर्च्या पुढे. ते म्हणाले, "मी आजपर्यंत परदेशी माणसाशी एक शब्द बोललो नाही. पस्तीस वर्षं हातात खडू, पण समोर आपलीच पोरं."

मी दोन दिवसांत मसुदा केला. सहाशे दहा शब्द झाले. घरी स्वयंपाकघरात बायकोसमोर उभा राहून घड्याळ लावून वाचला. पावणेसहा मिनिटं लागली. तेवढंच इंग्रजी धरलं तर बारा मिनिटं, आणि पाहुण्यांनी सगळ्या कारखान्याला दिलेला वेळ दोन तास. बायकोने भाजी चिरता चिरता ऐकलं आणि विचारलं की हे स्वागत आहे की वार्षिक ताळेबंद. त्यात वर्षाचा माल, भिजवायच्या हौदांची संख्या, वाळवायच्या फरशीचं क्षेत्रफळ असं सगळं होतं. मी हौद आणि फरशी काढली. पाहुणे हौद स्वतः मोजू शकतील. चारशे अडुसष्ट शब्दांवर आणून थांबलो.

या चारशे अडुसष्टमध्ये चव्वेचाळीस शब्द नावांचे होते. बावीस बायका, प्रत्येकीचं नाव आणि आडनाव. याला कारण होतं.

आमच्याकडे पोत्याच्या तोंडाशी आतून एक कागदाची चिठ्ठी टाकून मग शिवतात. चिठ्ठीवर लॉट नंबर आणि साफ करणारीचा नंबर, एक ते बावीस. एक पोतं म्हणजे एकीचंच काम. खोट निघाली तर कोणाच्या सुपातून गेली ते कळावं म्हणून ही पद्धत. गेल्या जूनमध्ये याच पाहुण्यांचं पत्र आलं होतं की अमुक लॉटमधल्या चार नंबरच्या पोत्यांइतका स्वच्छ दाणा त्यांनी कुठे पाहिला नाही. चार नंबर म्हणजे सगळे जिला मावशी म्हणतात ती. वय अठ्ठावन्न, कारखान्यात सगळ्यांत जुनी, एकतीस वर्षं. पत्र मीच तिला वाचून दाखवलं होतं. त्यानंतर सहा महिने त्या पत्राचा उल्लेख झाला नाही असा दिवस गेला नाही. भावकीत लग्नाला गेली तरी तिथे इटली निघायची.

पाहुणे येणार कळल्यावर ती ऑफिसच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "मुनीमजी, त्याइले चार नंबर मालूम आहे. माहं नाव मालूम नाही. ते इंग्रजीतून सांगजा." दुसरं काही मागितलं नाही. एकतीस वर्षांत पगारवाढ सोडली तर तिने मागितलेली ही पहिलीच गोष्ट असावी.

मालक आधी तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, नाव सांगितलं तर उद्या दुसरा कारखानावाला येऊन बाई उचलून नेईल. मी म्हटलं, एकतीस वर्षांत कोणी नेली नाही, इटलीवाला कशाला नेईल. मग ते म्हणाले की एकीचं घेतलं तर बाकीच्या एकवीस रुसतील. हे मात्र बरोबर होतं. आमच्या भागात लग्नाच्या पत्रिकेत एक नाव राहिलं तर दहा वर्षं येणं-जाणं बंद राहतं. म्हणून बावीसच्या बावीस नावं भाषणात गेली, नंबरासकट.

सोमवारी सरांनी इंग्रजी आणून दिलं. डीटीपीवाल्याकडून टाईप करून, दोन प्रती, डाव्या बाजूला पिन लावून. मला इंग्रजी वाचता येतं, पण चांगलं की वाईट ते सांगता येत नाही. तरी तपासल्याशिवाय कागद पुढे पाठवायची सवय नाही. म्हणून मी हिशेबाची रीत लावली. मराठीतले सगळे आकडे एका बाजूला, इंग्रजीतले दुसऱ्या बाजूला. प्रत्येक नाव तसंच. लाल पेन्सिलने खुणा करत गेलो. आकडा भाषा बदलली तरी बदलत नाही, नावही बदलत नाही. ही दोन खाती जुळली तर मधलं सरांवर सोडायला हरकत नव्हती.

नावांपुढचे नंबर सोडले तर आकडे चौदा. चौदाच्या चौदा सापडले, पण एका ठिकाणी 'दीड लाख किलो' तसंच 'लाख' म्हणून इंग्रजीत उतरलं होतं. सरांना फोन केला. परदेशी माणसाला आपला लाख कळत नाही, तो हजारांत मोजतो, आणि आमच्या धंद्यात तर तो टनात मोजतो. एकशे पन्नास टन करा म्हटलं. सर म्हणाले की हे मी स्वतः वर्गात शिकवत होतो आणि स्वतःच विसरलो.

नावं मात्र शून्य. बावीस नावांच्या जागी एक ओळ होती, तिचा अर्थ सरांनी फोनवर सांगितला : आमचा कष्टाळू आणि निष्ठावान चमू. मी विचारलं, नावं कुठे गेली? सर म्हणाले, इंग्रजी भाषणात अशी यादी शोभत नाही, ती हजेरी वाटते. शिवाय मराठीत एकदा आणि इंग्रजीत एकदा वाचायची तर पाहुणे बसल्या जागी झोपतील.

मी म्हटलं, "सर, समोर बसलेल्या बायकांना तुमच्या इंग्रजीतलं एकच कळणार आहे, त्यांचं नाव. तेच नाही वाचलं तर त्या सहा मिनिटं कशासाठी बसतील?"

मग मला एक सुचलं आणि मी ते मांडलं. नावाचं भाषांतर होत नाही, तर ते दोनदा वाचायचं कारण नाही. भाषण परिच्छेदागणिक आधी मराठीत, मग इंग्रजीत संपवायचं, आणि नावं शेवटी एकदाच वाचायची. दोन्ही भाषांना मिळून एक यादी. वेळ अर्धा. सरांना हिशेब पटला. म्हणाले की यादी मुनीमजींनी वाचावी, मी वाचली तर शाळेची आठवण येऊन कोणीतरी 'येस सर' म्हणेल.

इथपर्यंत सगळं जुळलं होतं. कार्यक्रम गुरुवारी, मध्ये दोन दिवस. मंगळवारी दुपारी मी शेवटचा ताळा घेत होतो : भाषणातला प्रत्येक आकडा ज्या कागदावरून घेतला त्या कागदाशी. कामगार बावीस, हजेरी पुस्तकाप्रमाणे बरोबर. टन, पाठवणीच्या वहीप्रमाणे बरोबर. मग ते वाक्य आलं : 'गेल्या जूनमध्ये आपण चार नंबरच्या मालाचं कौतुक केलंत, त्या चार नंबरच्या या बाई.' पत्र काढलं. पत्रात लॉट नंबर होता. पाठवणीच्या वहीत तो लॉट फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात भरलेला होता. हजेरी पुस्तक उघडलं.

फेब्रुवारी आणि मार्च, दोन्ही महिने मावशीच्या नावापुढे रजा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. आणि चार नंबरच्या जागेवर बदली म्हणून तिची सून बसली होती.

आमच्याकडे नंबर जागेचा असतो, माणसाचा नसतो. भिंतीवर चुन्याने आकडा लिहिलेला आहे आणि त्याखाली जी बसेल तिच्या पोत्यात त्या आकड्याची चिठ्ठी जाते. एखादी आजारी पडली, बाळंत झाली तर बदली बाई त्याच जागेवर बसते. नंबर बदलत नाही. इतकी वर्षं हे कोणाला खटकलं नाही, मलाही नाही. सुनेला मे महिन्यात स्वतःची जागा मिळाली, शेवटची, बावीस नंबर.

मी पुस्तक बंद केलं, पुन्हा उघडलं. आकडे तेच होते. हे तपासणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं. पाहुणे हजेरी पुस्तक मागणार नव्हते. पण ते वाक्य मी माझ्या तोंडाने वाचणार होतो, आणि ते खोटं होतं. शिवाय जूनमध्ये पत्र वाचून दाखवणारा, शाबासकी देणारा मीच होतो. तेव्हा लॉट नंबर पाहिला असता तर ही वेळ आली नसती.

जेवणाच्या सुट्टीत मावशीला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली आणि दारातूनच विचारलं, "पगार कापून राहिले का?"

मी सगळं सरळ सांगितलं. पत्र, लॉट, तारीख, हजेरी. तिला आकडे वाचता येतात. हजेरीच्या ओळीवर तिने बोट ठेवलं आणि आडवं सरकवत नेलं, पूर्ण फेब्रुवारी, पूर्ण मार्च.

"तिले मालूम असन?" तिने विचारलं.

मी म्हटलं, पत्र वाचलं तेव्हा ती तिथेच उभी होती. लॉट कधीचा हे तिला ठाऊक असेल की नाही ते मी सांगू शकत नाही. पण त्या पोत्यांतला दाणा कोणी वेचला हे वेचणारीला कळतं.

मावशी खुर्चीवर बसली. ऑफिसातल्या खुर्चीवर ती याआधी कधी बसली नव्हती. "सहा महिने मी घरात सांगून राहिली," ती म्हणाली, "आन ते चूप राहून माह्या ताटात भात वाढून राहिली. एक शब्द नाही बोलली." मग थोडी हसली. "म्हनूनच मधामधात हसे."

मी म्हटलं, वाक्य काढतो. 'त्या चार नंबरच्या या बाई' एवढे शब्द मराठीतून काढले की झालं, इंग्रजीतून सर काढतील. ती म्हणाली, "काढा. पन माहं नाव नोका काढू. उद्या-परवा पाहू."

शब्द काढले. आता राहिलं ते असं : पाहुण्यांनी चार नंबरचं कौतुक केलं होतं. हे खरं. आणि शेवटच्या यादीत : चार नंबर, मावशीचं नाव. हेही खरं. पण ऐकणारा दोन्ही मिळवणार आणि उत्तर चुकीचं काढणार. आकडे बरोबर असून बेरीज खोटी निघते असं हिशेबात होत नाही, भाषणात होतं, हे मला त्या दिवशी कळलं. बावीस नंबरपुढे काही जोडावं तर सासू-सुनेच्या घरातली गोष्ट मी चारचौघांत मांडल्यासारखं झालं असतं. ते ठरवायचं काम मावशीचं होतं. मी तिथे थांबलो, पण समाधानाने थांबलो नाही.

गुरुवारी पाहुणे नागपूरहून गाडीने आले. दोन पुरुष आणि एक बाई. बाई पन्नाशीची, केस आखूड, खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात जाड वही. ती त्यांच्याकडे माल तपासते. वाळवण्याची फरशी झाडून तिच्यावर सतरंज्या घातल्या होत्या. बायका एक ते बावीस अशा ओळीने बसल्या होत्या, ही मालकांची कल्पना. तीन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर टॉवेल. झेंडूचे हार मी मोजून चार आणले होते, चौथा सरांसाठी, कारण त्यांना तो अपेक्षित नव्हता.

मी मराठी परिच्छेद वाचायचा, लगेच सरांनी तोच इंग्रजीत. माझं मराठी सव्वाचार मिनिटांत झालं. सरांचं इंग्रजी सहापेक्षा जास्त, कारण तेच म्हणणं इंग्रजीत मांडायला शब्द जास्त लागतात, आणि सरांनी ते भारदस्तही केलं होतं. आवाज सुरुवातीला बारीक होता, मग लागला. चांगला लागला. मला एवढं कळत होतं की लांब वाक्यं न अडखळता चालली आहेत.

पण पाहुण्यांना ती कळत नव्हती. हे आम्हाला कोणालाच सुचलं नव्हतं. परदेशी म्हणजे इंग्रजी असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांचं इंग्रजी आमच्या मालकांच्या मराठीसारखं, दोन वाक्यांपर्यंत ठीक. त्यांच्यातल्या तरुण माणसाने गुडघ्याआड मोबाइल धरला होता आणि सरांचं इंग्रजी त्यात घालून इटालियन काढायचा प्रयत्न करत होता. सरांचं एक वाक्य संपेपर्यंत मोबाइल थकायचा. तिघेही मान मात्र मनापासून हलवत होते. फक्त आकडे आले की त्यांची मान वेगळी हलायची. एकशे पन्नास टन म्हटल्यावर बाईने वहीत लिहिलं.

सरांनाही ते दिसलं. शेवटचा परिच्छेद त्यांनी घाईत संपवला आणि बसले. कागदाची पिन ते बोटाने उघडत-मिटत होते.

मग मी यादी घेतली. पाहुण्यांना समजावं म्हणून नंबर इंग्रजीत म्हटला आणि नाव जसं आहे तसं. एक नंबर उठली, नमस्कार केला, बसली. दोन, तीन. बायका हसत होत्या, एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. चार म्हटलं आणि मावशी उभी राहिली.

इटलीची बाई खुर्चीतून उठली. मला थांबायची खूण केली. वहीची पानं उलटली. त्या वहीत आमच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. आमच्या पोत्यांतून निघालेल्या, आमच्याच निळ्या स्केचपेनने लिहिलेल्या, पानोपानी, शेजारी तिच्या खुणा. नऊ नंबरच्या चिठ्ठीभोवती लाल गोल होता. तो नऊ नंबरवालीने लांबूनच ओळखला असावा, कारण ती पदर डोक्यावर घेऊन तीन इंच खाली सरकली. बाईने चार नंबरची चिठ्ठी पानावरून सांभाळून सोडवली, सतरंजीवर चालत आली आणि दोन्ही हातांनी मावशीपुढे धरली. टाळ्या वाजल्या. मालकांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

मावशीने चिठ्ठी घेतली. डोळ्यांजवळ नेली. आता तिला चांगलं दिसतं. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "मुनीमजी, लॉट तोच होय ना?"

मी तिच्या हातातल्या चिठ्ठीवरचा नंबर पाहिला आणि हो म्हटलं.

टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली. मग सरांकडे वळली. "सर, या बाईले सांगा. हे चिठ्ठी माही नोहोय. माह्या सुनेची होय. मी तवा डोऱ्याले पट्टी बांधून घरी होती."

सर उभे राहिले आणि हातातले कागद चाळू लागले. मी ते पाहत होतो. पस्तीस वर्षं लिहून आणलेलं वाचणाऱ्या माणसाचे हात पहिल्यांदा कागदाकडे जातात. कागदात ते वाक्य नव्हतं. त्यांनी कागद खुर्चीवर ठेवले, दोन पावलं पुढे आले आणि त्या बाईकडे पाहून बोलले. फार थोडे शब्द होते. सून कोणती ते हाताने दाखवलं, स्वतःच्या डोळ्यावर तळवा ठेवला. पाचवीतल्या पोराला कळेल असं इंग्रजी. मलाही ते पूर्ण कळलं.

तरुण पाहुण्याने मोबाइल खिशात घातला. बाईने एकदा मावशीकडे पाहिलं, एकदा ओळीच्या शेवटाकडे, आणि सरळ बावीस नंबरकडे निघाली. सून जागची हलेना. मान खाली, कान लाल.

"ऊठ ना वं," मावशी इथून म्हणाली. "सहा महिने नाही लाजली, आता काऊन लाजून राहिली?"

सगळ्या हसल्या. सूनही हसतच उठली. मावशीने ओळीतून चालत जाऊन चिठ्ठी तिच्या हातात दिली आणि वर ऐकवलं की घरी मात्र भात जरा मोकळाच रांध, इटलीने त्याची तारीफ नाही केली. सुनेने मग पहिल्यांदा तोंड उघडलं. तिने सांगितलं की पाखडायला आईनेच शिकवलं, सूप कसं धरायचं तेही, म्हणून तेव्हा बोलावंसं वाटलं नाही. आई म्हणजे सासू. हेही सरांनी कागदाशिवाय सांगितलं. आता ते थांबतच नव्हते. इटलीची बाई तुटक विचारायची, सर तुटक उत्तर द्यायचे, आणि दोघांचंही चांगलं चाललं होतं.

यादी मी पाचपासून पुढे पूर्ण केली, कारण अठरा नावं राहिली होती. नऊ नंबर उठेपर्यंत वेळ लागला. त्या बाईने नऊशी हात मिळवला आणि वहीतलं लाल पान मुद्दाम मिटून घेतलं.

निघण्याआधी तिने सरांमार्फत मालकांना एक गोष्ट विचारली. नावं आहेत तर चिठ्ठीवर नंबर कशाला? जागा कुठलीही असो, ज्या बाईने दाणा वेचला तिचं नाव टाका. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं की खोट शोधायलाही नावच बरं, नंबराने चूक होते हे आत्ताच दिसलं. मालक म्हणाले, "बाईस नाम कौन लिखेगा रोज? ठप्पे बनवा लो." दुसरा कारखानावाला येऊन बायका उचलून नेईल, ही गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

ऑर्डर गेल्या वर्षीइतकीच आली. जास्त नाही, कमी नाही.

सरांचा हिशेब शनिवारी केला. चारशे अडुसष्टमधून मी काढलेले पाच शब्द वजा करू लागलो तर सर म्हणाले की ते भाषांतर करून झाल्यावर काढले, त्यामुळे ते धरायचे. हे योग्य होतं. चारशे अडुसष्ट गुणिले तीन, चौदाशे चार रुपये. पण चव्वेचाळीस शब्द नावांचे, ते आपण भाषांतरित केले नाहीत म्हणून त्यांचे एकशे बत्तीस सर घेईनात. मी म्हटलं, त्या बदल्यात मावशीची तीन वाक्यं आणि पुढचं सगळं तोंडी झालं, त्याचा दर ठरलेला नाही. सर म्हणाले, "त्याचे पैसे उलट मीच द्यायला हवेत." पावतीवर बाराशे बहात्तर लिहून सही केली.

शिक्क्यांची यादी मी नंबराप्रमाणे लिहिली होती. मावशीने ती पाहिली आणि सुनेचं नाव वर घ्यायला लावलं. शिक्का प्रत्येकीच्या स्वतःच्या डबीत राहतो. बदलीला दुसऱ्या जागेवर बसली तरी सोबत नेते.

दिलेली रक्कम : सरांना १,२७२ रुपये. गोंदियाच्या रबरी शिक्के करणाऱ्याला, बावीस शिक्के प्रत्येकी ११० प्रमाणे, २,४२० रुपये.